बुरशीविरोधी औषधं: ॲम्फोटेरिसिन, ॲझोल आणि एकायनोकॅन्डिन यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः वैद्यकीय, नर्सिंग आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. रुग्णाच्या नातेवाइकांनाही कळावं अशा भाषेत लिहिलं आहे. गजकर्ण, नखांची बुरशी वगैरे आजार इथे घेतलेले नाहीत. भर आहे तो रक्तात शिरलेल्या कॅन्डिडा या बुरशीवर, कारण तिथे तिन्ही गटांतली औषधं काम करू शकतात आणि म्हणूनच कोणतं का निवडायचं हा प्रश्न तिथे खरा उभा राहतो. दिलेल्या मात्रा प्रौढांच्या आहेत. प्रत्यक्ष रुग्णासाठी मात्रा त्याचं वजन, मूत्रपिंड, यकृत आणि चालू औषधं पाहून डॉक्टरच ठरवतात.

जिवाणूंवर ढीगभर अँटिबायोटिक्स आहेत. मग बुरशीवर इतकी मोजकीच औषधं का?

कारण बुरशी आपल्या फार जवळची आहे. जिवाणूच्या पेशीत केंद्रक नसतं, त्याची प्रथिनं बनवणारी यंत्रणा आपल्यापेक्षा वेगळी असते, त्यामुळे त्याला मारताना आपल्या पेशी वाचवणं तुलनेनं सोपं जातं. बुरशीच्या पेशीत मात्र आपल्यासारखंच केंद्रक असतं, आपल्यासारख्याच रायबोसोमवर प्रथिनं तयार होतात, ऊर्जाही त्याच पद्धतीनं मिळवली जाते. तिला विष ठरणारं बहुतेक रसायन आपल्यालाही विष ठरतं.

मोठे फरक दोनच सापडले. आपल्या पेशीच्या पातळ आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात त्याच्या जागी एर्गोस्टेरॉल असतं. आणि बुरशीच्या आवरणाबाहेर एक कडक पेशीभित्तिका असते, जी आपल्याकडे मुळीच नाही. तिन्ही गट या दोन फरकांवरच उभे आहेत. पहिला फरक बारीक आहे, दुसरा ठळक आहे. औषधांच्या विषारीपणातला फरक बराचसा इथूनच येतो.

मग हे तीन गट बुरशीच्या पेशीत नेमकं काय करतात?

पॉलिइन गटातलं शिरेतून द्यायचं मुख्य औषध म्हणजे ॲम्फोटेरिसिन बी. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या एका जिवाणूपासून ते १९५० च्या दशकात मिळालं. याच गटातलं निस्टॅटिन त्याआधी, १९५० मध्ये, एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी जगापुढे आणलं होतं. पण ते शिरेतून देण्याजोगं नाही, ते तोंडात किंवा त्वचेवर वापरतात. ॲम्फोटेरिसिन थेट एर्गोस्टेरॉलला चिकटतं. त्यामुळे आवरणाला छिद्रं पडतात आणि पोटॅशियमसारखे आयन बाहेर गळतात, ही जुनी आणि आजही शिकवली जाणारी मांडणी. अलीकडच्या संशोधनातून असंही दिसलं आहे की औषधाचे रेणू आवरणाच्या बाहेर गोळा होऊन एर्गोस्टेरॉल अक्षरशः शोषून घेतात आणि तेवढ्यानंही पेशी मरते. कोणतीही मांडणी घेतली तरी परिणाम एकच: बुरशी नुसती थांबत नाही, मरते.

ॲझोल गट याच एर्गोस्टेरॉलवर, पण एक पाऊल आधी काम करतो. एर्गोस्टेरॉल तयार होताना लॅनोस्टेरॉल नावाच्या रेणूवरून एक मिथाइल गट काढावा लागतो. ते काम १४-अल्फा-डीमिथायलेज हे एन्झाइम करतं. ॲझोलच्या कड्यातला नायट्रोजन या एन्झाइमच्या मध्यभागी असलेल्या लोहाला जाऊन चिकटतो आणि एन्झाइम बंद पडतं. एर्गोस्टेरॉल कमी पडतं, त्याच्या जागी अर्धवट बनलेले स्टेरॉल आवरणात भरले जातात आणि बुरशीची वाढ खुंटते. कॅन्डिडावर हा परिणाम बहुधा वाढ रोखणारा असतो, मारणारा नसतो. उरलेलं काम रुग्णाच्या पांढऱ्या पेशींनी करायचं असतं. म्हणून पांढऱ्या पेशी फार घटलेल्या रुग्णात याच गटातल्या एकट्या फ्लुकोनाझोलवर विसंबायला डॉक्टर कचरतात.

एकायनोकॅन्डिन गट, म्हणजे कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन, ॲनिड्युलाफंजिन आणि २०२३ मध्ये मान्यता मिळालेलं रेझाफंजिन, आवरणाकडे वळतच नाही. त्याचं लक्ष्य बाहेरची भित्तिका. स्लॅबमध्ये लोखंडी सळया असतात तसे या भित्तिकेत बीटा-१,३-ग्लुकॅनचे धागे असतात. हे धागे विणणारं ग्लुकॅन सिंथेज हे एन्झाइम एकायनोकॅन्डिन बंद पाडतं. भित्तिका कमकुवत होते, आतला दाब तिला पेलवत नाही आणि कॅन्डिडाची पेशी फुटते. ॲस्परजिलस या तंतुमय बुरशीत मात्र मुख्यतः तंतूंची वाढणारी टोकंच मरतात, त्यामुळे तिथे हे औषध बुरशी रोखून धरतं एवढंच.

ॲम्फोटेरिसिननं किडनी बिघडते म्हणतात. ते टाळता येत नाही का?

पूर्णपणे नाही, पण बऱ्याच प्रमाणात येतं. आधी कारण समजून घेऊ. ॲम्फोटेरिसिनला एर्गोस्टेरॉल जास्त प्रिय असलं तरी कोलेस्टेरॉल त्याला अगदीच परकं नाही. मूत्रपिंडात ते दोन ठिकाणी त्रास देतं. मूत्रपिंडाला रक्त नेणाऱ्या सूक्ष्म धमन्या आकसतात, त्यामुळे गाळण कमी होते आणि क्रिएटिनिन चढतं. आणि मूत्रनलिकांच्या पेशींची आवरणं गळकी होतात, त्यामुळे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीतून वाहून जातं आणि रक्तात आम्ल साठतं.

यातली दुसरी गोष्ट वॉर्डात जास्त निसटते. सगळे क्रिएटिनिनकडे बघत बसतात आणि तेवढ्यात पोटॅशियम २.८ वर आलेलं असतं. रुग्णाचे पाय गळतात, पोट फुगतं, ईसीजीत टी-लहर सपाट होते. अशा वेळी पोटॅशियम कितीही दिलं तरी वर येत नसेल तर मॅग्नेशियम तपासावं. ते कमी असेपर्यंत मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवत नाही. म्हणून हे औषध चालू असताना सुरुवातीला क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रोज किंवा निदान एक दिवसाआड पाहणं हा उपचाराचाच भाग आहे.

टाळण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे सलाइन. हृदयाला झेपत असेल तर औषधाआधी अर्धा ते एक लिटर नॉर्मल सलाइन दिल्यानं धमन्यांचं आकसणं कमी होतं. पण औषध स्वतः सलाइनमध्ये मिसळायचं नाही, त्यात ते साखळतं. त्यासाठी ५ टक्के डेक्स्ट्रोजच लागतं. आधी सलाइन देताना नळी तीच वापरली असेल तर ती डेक्स्ट्रोजनं धुऊन मग औषध सोडायचं. तसंच जेन्टामायसिन, अमिकासिनसारखी मूत्रपिंडाला जड औषधं शक्य तर बंद करायची.

औषध चालू केल्यावर एक-दोन तासांत हुडहुडी भरून ताप येणं हा वेगळा त्रास आहे. तो ॲलर्जीचा नाही. औषधामुळे आपल्याच पांढऱ्या पेशी दाहाचे संदेश सोडतात. पॅरासिटामॉल आधी देणं, वेग कमी करणं, फार थरथर असेल तर पेथिडिन, एवढ्यानं बहुधा निभावतं आणि पुढच्या मात्रांना त्रास कमी होत जातो. नातेवाइकांना हे आधी सांगून ठेवलं नाही तर ते घाबरून औषध बंद करायला सांगतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

साधं ॲम्फोटेरिसिन आणि लायपोसोमल यांत फरक काय? नाव तर एकच आहे.

औषध तेच, वाहन वेगळं. साध्या प्रकारात ते डीऑक्सिकोलेट या पित्तक्षाराच्या मदतीनं विरघळवलेलं असतं. लायपोसोमलमध्ये ते मेदाच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत बसवलेलं असतं. गोळीतून ते आपल्या पेशींकडे सहज सुटत नाही, बुरशीच्या एर्गोस्टेरॉलजवळ गेलं की सुटतं. मूत्रपिंडापर्यंत मोकळं औषध कमी पोचतं, त्यामुळे इजा कमी होते. कमी होते, नाहीशी होत नाही, म्हणून वर सांगितलेल्या तपासण्या यातही कराव्याच लागतात.

आता या प्रश्नातला जीवघेणा भाग. साध्याची मात्रा वजनाच्या दर किलोला ०.५ ते १ मिलिग्रॅम आणि कोणत्याही दिवशी १.५ च्या वर नाही. लायपोसोमलची ३ ते ५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला लायपोसोमल १८० मिलिग्रॅम लिहिलं आणि हाताशी साधं औषध आलं, तर कमाल मर्यादा ९० असताना त्याच्या दुप्पट शरीरात जातं. अशा चुकीत हृदय बंद पडून मृत्यू झाले आहेत. दोन्हींच्या कुपी ५० मिलिग्रॅमच्या, दोन्हींची द्रावणं पिवळसर, त्यामुळे नजरेवर भरवसा ठेवता येत नाही. ऑर्डरमध्ये नुसतं ॲम्फोटेरिसिन लिहिलेलं असेल तर नर्सनं ते परत पाठवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रकाराचं पूर्ण नाव, दर किलोची मात्रा आणि एकूण मिलिग्रॅम, तिन्ही लिहिलेलं हवं. तीनपेक्षा कमी कुप्या फोडून साध्या औषधाची मात्रा भरते, तिसरी कुपी हातात घ्यावी लागली तर थांबून पुन्हा वाचावं.

फ्लुकोनाझोलची गोळी तर सौम्य समजली जाते. मग ती देताना डॉक्टर इतर सगळ्या औषधांची यादी का मागतात?

कारण ॲझोलचं लक्ष्य ज्या कुळातलं आहे त्या कुळातली एन्झाइम्स आपल्या यकृतातही आहेत. १४-अल्फा-डीमिथायलेज हे सायटोक्रोम पी-४५० कुळातलं आहे, आणि आपण घेतो त्यातली निम्म्याहून अधिक औषधं ज्यांच्याकडून निकामी केली जातात ती यकृतातली एन्झाइम्सही याच कुळातली. त्यांच्याही मध्यभागी तसंच लोह. ॲझोल त्यांनाही कमीअधिक जाऊन चिकटतं. त्यामुळे ॲझोलचा त्रास पुष्कळदा ॲझोलचा नसतो, दुसऱ्या औषधाची पातळी वाढल्याचा असतो.

वॉरफरिन घेणाऱ्याला फ्लुकोनाझोल सुरू केलं की रक्त जास्त पातळ होतं. फेनिटॉइन घेणाऱ्याची चाल अडखळते, डोळे थरथरतात. मधुमेहाच्या ग्लिपिझाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्यांनी साखर एकदम उतरू शकते. सिमव्हास्टॅटिनबरोबर इट्राकोनाझोल दिलं तर स्नायू झिजून लघवी कोकमाच्या रंगाची होऊ शकते. मूत्रपिंडरोपण झालेल्या रुग्णाला व्होरिकोनाझोल सुरू करताना टॅक्रोलिमसची मात्रा एक तृतीयांशावर आणतात आणि पातळी मोजत राहतात. उलट बाजूही आहे, ती विसरली जाते: ॲझोल बंद केल्यावर ही सगळी औषधं पुन्हा वेगानं निकामी होऊ लागतात आणि कमी केलेली मात्रा अपुरी पडते. फ्लुकोनाझोल शरीरातून निम्मं व्हायला साधारण ३० तास लागतात, त्यामुळे हा बदल थांबवल्या दिवशी नाही, पुढच्या चार-पाच दिवसांत दिसतो.

स्वतःचे दुष्परिणाम प्रत्येकाचे निराळे. यकृताच्या चाचण्या बिघडणं सगळ्यांतच असतं. केटोकोनाझोल आपल्या हॉर्मोन बनवणाऱ्या एन्झाइम्सनाही फार दाबतं आणि यकृताला गंभीर इजा करू शकतं, त्यामुळे २०१३ पासून त्याच्या गोळ्यांचा वापर नियामक संस्थांनी जवळजवळ मोडीत काढला. इट्राकोनाझोल हृदयाचा जोर कमी करतं, म्हणून हार्ट फेल्युअर असलेल्याला टाळतात. व्होरिकोनाझोल घेतल्यावर अर्ध्या तासात रंग वेगळे दिसणं, प्रकाश झगमगणं असं काहींना होतं आणि ते थोड्या वेळात जातं. भास होऊ लागले तर मात्र रक्तातली पातळी मोजायला हवी. ती लिटरला साधारण १ ते ५.५ मिलिग्रॅममध्ये ठेवतात, आणि एकाच मात्रेवर दोन माणसांची पातळी कितीतरी वेगळी येते, कारण हे औषध निकामी करणारं एन्झाइम जन्मतःच कोणाचं मंद तर कोणाचं वेगवान असतं.

एकायनोकॅन्डिनचे दुष्परिणाम सर्वांत कमी असतील तर सगळ्यांना तेच का देत नाहीत?

दुष्परिणाम खरंच कमी आहेत. भित्तिका आपल्याकडे नाहीच, त्यामुळे लक्ष्यावर अचूक बसूनही आपल्या पेशीला धक्का लागत नाही. यकृताची एन्झाइम्स थोडी वाढतात, वेगानं सोडलं तर चेहरा लाल होतो आणि खाज येते. मूत्रपिंड बिघडलं तरी मात्रा बदलावी लागत नाही. इतर औषधांशी भांडणही जवळजवळ नाही. रिफॅम्पिसिन चालू असेल तर कॅस्पोफंजिन वाढवावं लागतं आणि यकृत मध्यम प्रमाणात बिघडलेलं असेल तर कमी करावं लागतं, इतकंच लक्षात ठेवलं तरी चालतं.

अडचण दुसरीकडे आहे. हे रेणू मोठे आहेत आणि प्रथिनांना घट्ट चिकटून राहतात. आतड्यातून शोषले जात नाहीत, म्हणून फक्त शिरेतून देता येतात. मेंदू, डोळ्याचा आतला भाग आणि लघवी, या तिन्ही ठिकाणी ते पुरेसे पोचत नाहीत. प्रयोगशाळेच्या अहवालात औषध लागू आहे असं लिहिलेलं असतं ते काचेच्या ताटलीतल्या बुरशीबद्दल. ती बुरशी डोळ्याच्या पडद्यामागे बसली असेल तर त्या ओळीचा उपयोग नाही.

आणि काही बुरशींवर ते मुळातच चालत नाही. क्रिप्टोकॉकस आणि म्युकर या दोन्ही जीवघेण्या बुरशी त्याला दाद देत नाहीत.

रक्तात कॅन्डिडा सापडला तर प्रत्यक्षात निवड कशी करतात? एखादं उदाहरण द्याल का?

एक काल्पनिक पण आयसीयूत रोज भेटेल असा रुग्ण घेऊ. वय ६२, वजन ६० किलो. आतड्याला छिद्र पडल्यानं शस्त्रक्रिया झाली. सेंट्रल लाइनमधून शिरेतलं पोषण चालू, जोडीला तीन अँटिबायोटिक्स, त्यात अमिकासिन. आधीपासून हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉरफरिन, सध्या थांबवलेलं. नवव्या दिवशी पुन्हा ताप चढतो, रक्तदाब उतरतो. ब्लड कल्चर पाठवलं जातं आणि दीड दिवसानं प्रयोगशाळेतून फोन येतो: बाटलीत यीस्ट दिसतं आहे, कळ्या फुटलेल्या पेशी आहेत.

पहिला निर्णय हा की ही भेसळ नाही. त्वचेवरचे काही जिवाणू एका बाटलीत आले तर दुर्लक्ष करता येतं. रक्तात कॅन्डिडा एका बाटलीत आला तरी तो खरा मानून त्याच दिवशी उपचार सुरू करायचे.

जात अजून कळलेली नाही. कोणतं औषध? या रुग्णाचं क्रिएटिनिन १.६ आहे, म्हणजे वय आणि वजन धरून मूत्रपिंडाची गाळण मिनिटाला अंदाजे ४० मिलिलिटर. त्यात अमिकासिन चालू. ॲम्फोटेरिसिन चालेल, पण मूत्रपिंड घालवून बसण्याची शक्यता मोठी. फ्लुकोनाझोल सुरक्षित, पण जात क्रुसेई निघाली तर निरुपयोगी, ग्लॅब्राटा निघाली तर बेभरवशाचं, आणि रक्तदाब उतरलेल्या माणसाकडे पहिले दोन-तीन दिवस वाया घालवायला नाहीत. एकायनोकॅन्डिन बहुतेक सर्व जातींवर चालतं, मारतं आणि मूत्रपिंडाला धक्का लावत नाही. म्हणून कॅस्पोफंजिन: पहिल्या दिवशी ७० मिलिग्रॅम, नंतर रोज ५०, तासाभरात हळू. मायकाफंजिन १०० मिलिग्रॅम रोज दिलं असतं तरी चाललं असतं.

त्याच दिवशी सेंट्रल लाइन काढली जाते. नळीच्या आतल्या बाजूला कॅन्डिडा चिकट थर करून राहतो आणि त्या थरात औषध नीट काम करत नाही. लाइन ठेवून औषध वाढवत राहणं हे या आजारातलं नेहमीचं चुकणारं पाऊल आहे. अमिकासिन बंद होतं. एक दिवसाआड पुन्हा कल्चर पाठवलं जातं.

दुसऱ्या दिवशी जात कळते, अल्बिकन्स. संवेदनशीलतेचा अहवाल येतो, फ्लुकोनाझोलला ०.५, म्हणजे चांगली दाद. तिसऱ्या दिवशीच्या कल्चरमध्ये पुढे काहीच वाढत नाही. ताप उतरतो, क्रिएटिनिन पाचव्या दिवसापर्यंत १.० वर येतं. सगळं ठीक दिसत असताना डोळ्यांचे डॉक्टर बाहुली मोठी करून पडदा तपासतात आणि उजव्या डोळ्यात दोन लहान पांढुरके, मऊ कडांचे डाग सांगतात. काचद्रव अजून स्वच्छ आहे. रुग्णाची डोळ्यांबद्दल कसलीही तक्रार नव्हती.

इथे निवड उलटते. इतके दिवस उत्तम ठरलेलं कॅस्पोफंजिन डोळ्यात पोचत नाही. रक्त स्वच्छ झालं म्हणून ते तसंच चालू ठेवलं असतं तर ताप नसलेल्या, बऱ्या दिसणाऱ्या माणसाची दृष्टी गेली असती. फ्लुकोनाझोल डोळ्यात उत्तम पोचतं आणि अहवाल त्याच्या बाजूनं आहे. पहिल्या दिवशी ८०० मिलिग्रॅम, मग रोज ४००. आतड्यातून हे औषध नव्वद टक्क्यांहून जास्त शोषलं जातं, त्यामुळे रुग्ण जेवू लागल्यावर त्याच मात्रेची गोळी पुरते. ते लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून गाळण ५० च्या खाली असती तर रोजची मात्रा निम्मी करावी लागली असती. आता ती ६५ च्या आसपास असल्यानं पूर्ण मात्रा देता येते. काचद्रव गढूळ असतं तर डोळ्यात इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागला असता.

घरी जाताना वॉरफरिन पुन्हा सुरू करायचं आहे. जुन्या मात्रेनं सुरू केलं तर आठवड्यात आयएनआर भलतं वर जाईल आणि शस्त्रक्रियेच्या जागी रक्तस्राव होईल. म्हणून मात्रा पाव ते एक तृतीयांशानं कमी करून तीन ते पाच दिवसांत आयएनआर पाहायचं, आणि फ्लुकोनाझोल संपेल त्या आठवड्यात पुन्हा. डिस्चार्जच्या कागदावर ही दुसरी तारीखही लिहून द्यावी. पहिली सगळे लिहितात.

औषध किती दिवस? ताप गेला की थांबवता येतं का?

नाही. मोजणी ताप उतरल्यापासूनही नाही आणि औषध सुरू केल्यापासूनही नाही. पहिलं स्वच्छ कल्चर ज्या दिवशी घेतलं त्या दिवसापासून १४ दिवस, तेही लक्षणं गेलेली असतील आणि बुरशी इतरत्र रुजलेली नसेल तर. वरच्या रुग्णात डोळा सापडला नसता तर पाच ते सात दिवसांनी फ्लुकोनाझोलवर येऊन हे १४ दिवस पुरे झाले असते. डोळ्यामुळे किमान चार ते सहा आठवडे लागतात, आणि डाग विरल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहिल्यावरच थांबवतात. कल्चर पाच-सहा दिवसांनीही स्वच्छ होत नसेल तर औषध बदलण्याआधी बुरशी कुठे लपली आहे ते शोधायचं: राहिलेली नळी, पोटातलं गळू, हृदयाची झडप.

कॅन्डिडा औषधाला दाद देईनासा कसा होतो?

काही जाती मुळातच तशा असतात. क्रुसेई फ्लुकोनाझोलला कधीच दाद देत नाही. लुसिटानिए उपचार चालू असताना ॲम्फोटेरिसिनला दाद देईनाशी होऊ शकते. २००९ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा वर्णन झालेली ऑरिस बहुतेकदा फ्लुकोनाझोलला आणि बऱ्याचदा ॲम्फोटेरिसिनलाही जुमानत नाही, म्हणून तिथे सुरुवात एकायनोकॅन्डिननंच करतात.

काही वाटेत शिकतात. ॲझोलविरुद्ध बुरशी दोन वाटा धरते. एक तर लक्ष्य एन्झाइमचा आकार थोडा बदलते, नाहीतर आत आलेलं औषध बाहेर फेकणारे पंप वाढवते. ग्लॅब्राटा ही दुसरी वाट फार सहज धरते. पंप बऱ्याच ॲझोलना एकदम बाहेर काढतात, म्हणून फ्लुकोनाझोल हरल्यावर व्होरिकोनाझोल जिंकेलच असं नाही. एकायनोकॅन्डिनच्या बाबतीत ग्लुकॅन सिंथेजच्या जनुकातल्या ठरावीक जागी बदल होतो आणि एका बदलानं पूर्ण गट निकामी ठरतो. कॅस्पोफंजिनऐवजी मायकाफंजिन देऊन तिथे काही साधत नाही, गटच बदलावा लागतो. ॲम्फोटेरिसिनला प्रतिकार कमीच दिसतो, कारण एर्गोस्टेरॉल टाकून देणं बुरशीलाही महागात पडतं.

थुंकीत किंवा लघवीत कॅन्डिडा आला तरी हेच उपचार लागतात का?

बहुधा नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या थुंकीत कॅन्डिडा येणं म्हणजे न्यूमोनिया नव्हे, तो घशातला रहिवासी असतो. लघवीतला कॅन्डिडा लक्षणं नसतील तर कॅथेटर काढून किंवा बदलून पुष्कळदा जातो. लक्षणं असतील तर फ्लुकोनाझोल, कारण तेच लघवीत भरपूर उतरतं. तिथे कॅस्पोफंजिन आणि लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन ही दोन्ही महागडी औषधं कमी पडतात.

कॅन्डिडा सोडून इतर बुरशींवर हे गणित कसं बदलतं?

फुप्फुसातल्या ॲस्परजिलसवर व्होरिकोनाझोल पहिलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत बारा आठवड्यांनी व्होरिकोनाझोल घेणारे सुमारे ७१ टक्के रुग्ण हयात होते, साधं ॲम्फोटेरिसिन घेणारे ५८ टक्के. म्युकरवर मात्र व्होरिकोनाझोल चालत नाही, उलट ते घेत असतानाच म्युकर उद्भवलेले रुग्ण दिसतात. तिथे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन किलोला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आणि लगोलग शस्त्रक्रिया. पुढे पोसाकोनाझोल किंवा इसाव्हुकोनाझोल.

क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरात एकायनोकॅन्डिनला जागाच नाही. तिथे ॲम्फोटेरिसिन आणि या तिन्ही गटांबाहेरचं फ्लुसायटोसिन, नंतर फ्लुकोनाझोल. एचआयव्ही असलेल्या रुग्णांसाठी २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना लायपोसोमलची किलोला १० मिलिग्रॅमची एकच मोठी मात्रा आणि जोडीला दोन आठवडे फ्लुसायटोसिन व फ्लुकोनाझोल सुचवते. मूत्रपिंडाला जड असलेलं औषध एकदाच देऊन काम भागतं ही गोष्ट मला अलीकडच्या काळातली फार मोलाची वाटते.

दोन गट एकत्र दिले तर जास्त चांगलं नाही का?

सरसकट नाही. ॲझोलमुळे एर्गोस्टेरॉल कमी झालं तर ॲम्फोटेरिसिनला चिकटायला जागा कमी उरते, अशी सैद्धांतिक अडचण आहे, जरी प्रत्यक्ष रुग्णांत ती नेहमी दिसत नाही. रक्तातल्या साध्या कॅन्डिडासाठी एक योग्य औषध पुरतं. दुसरं जोडल्यानं दुष्परिणाम मात्र नक्की वाढतात.

गरोदरपणात कोणतं चालतं?

शरीरभर पसरलेला आजार असेल तर ॲम्फोटेरिसिन, किडनीचा सगळा त्रास धरूनही. पहिल्या तीन महिन्यांत रोज ४०० ते ८०० मिलिग्रॅम फ्लुकोनाझोल दीर्घकाळ घेतलेल्या मातांच्या बाळांत कवटी आणि हाडांचे दोष आढळले आहेत, आणि व्होरिकोनाझोल तर टाळायचंच. एकायनोकॅन्डिनचा गरोदर स्त्रियांतला अनुभव अपुरा आहे. योनीमार्गातल्या साध्या संसर्गाला यातलं काहीच लागत नाही, क्लोट्रिमाझोल सात दिवस आत वापरलं की पुरतं. पण अशी स्त्री आधीच फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एखादी गोळी घेऊन मग गरोदर असल्याचं कळून घाबरून आली असेल, तर वरचे दोष रोजच्या मोठ्या मात्रेचे आहेत, एका गोळीचे नाहीत, हे तिला नीट बसवून सांगावं आणि पुढच्या गोळ्या थांबवाव्यात.